जुन्या ग्राहकांना दर महिन्याला ई-मेल पाठवतो, पण उत्तरच येत नाही. काय बदलू?

विश्रामबागकर: सांगलीत फ्लॅट-प्लॉटचं काम करतो. जुने ग्राहक साधारण १४०. दर महिन्याला त्यांना मेल जातो: बाजाराची खबर, एखादी टिप आणि खाली "ओळखीचं गिऱ्हाईक पाठवा, पाच हजार मिळवा". सहा महिन्यांत उत्तरं आली दोन. त्यातलं एक, "माझा पत्ता सगळ्यांना का दाखवला?" असं. पत्ते To मध्ये टाकले होते, चूक माझीच. आता Bcc करतो.

मिरजेचा_सदा: पाच हजारात कोण हलतंय? दहा करा की.

दस्तवाली: सदाभाऊ, रक्कम वाढवून भागणार नाही. मागच्या मेलात बाजाराबद्दल काय लिहिलं होतं?

विश्रामबागकर: "विश्रामबागेत दर तेजीत." जाहिरातींतले आकडे बघून.

दस्तवाली: तिथंच घोळ आहे. जाहिरातीत मालकाची अपेक्षा असते, सौदा नसतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची दोन काढा. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, दस्ताची तारीख सगळं असतं. समजा, एका इमारतीत मालक ५५ लाख सांगतोय आणि तिथलाच तेवढाच फ्लॅट दोन महिन्यांपूर्वी ४७ लाखांना नोंदला गेलाय. हा फरक चार ओळींत लिहा, लोक वाचतात. फ्लॅट नंबर आणि नावं मात्र गाळा. मजला, पार्किंग वेगळं असेल तर तेही सांगा, नाहीतर तुलना फसवी होते. आणि एकाच दस्तावरून "दर पडले" म्हणू नका.

कुपवाडची_माई: मला जरा विचारायचंय. मागच्या वर्षी फ्लॅट घेतला, दस्त झाला, तरी घरपट्टी अजून जुन्या मालकाच्या नावानं येतीय. एजंट म्हणाला आपोआप बदलेल.

दस्तवाली: माई, दस्त झाला म्हणून थांबू नका. सूची दोनची प्रत जोडून महापालिकेच्या घरपट्टी विभागात नावबदलाचा अर्ज करा. आधीची थकबाकी आहे का तेही विचारा. वीजबिल आणि सोसायटीचा भागदाखला, दोन्हीकडं अर्ज वेगळा. विश्रामबागकर, पुढच्या महिन्याची टिप मिळाली बघा तुम्हाला.

विश्रामबागकर: खरंच की! आणि ते पाच हजार?

दस्तवाली: ते काढून टाका. रेरा कायद्यात घेणारा-विकणाऱ्याची गाठ घालून मोबदला घेणाराही एजंटच्या व्याख्येत येतो. नोंदणी झालेल्या प्रकल्पात नोंदणी नसलेल्या ग्राहकाला पैसे दिलेत, तर तुम्ही त्यालाच अडचणीत घालता. त्यापेक्षा "कुणाला कागद बघून हवे असतील तर माझा नंबर द्या" एवढंच लिहा. आणि खाली तुमचा महारेरा नंबर टाका.

मिरजेचा_सदा: जुन्या फ्लॅटच्या सौद्याला रेरा कुठं लागतोय? तिथं द्यायला काय हरकत?

दस्तवाली: ती व्याख्या प्रकल्पातल्या विक्रीपुरती धरायची असं काहीजण म्हणतात. मी तरी वकिलाला विचारल्याशिवाय देणार नाही.

मिरजेचा_सदा: मग दिवाळीला पेढ्याचा बॉक्स चालंल ना?

विश्रामबागकर: पेढ्याचं राहू दे सदाभाऊ. माई, तुमची घरपट्टीची अडचण नाव न घालता मेलात टाकली तर चालंल का?

कुपवाडची_माई: टाका. पण अर्ज कुठल्या खिडकीला द्यायचा ते आधी मला सांगा.