अणुबॅटरी आणि मोबाइल

> "बॅटरी ५० वर्षं टिकते, मग मोबाइलमध्ये का घालत नाहीत?"

चीनच्या बीटाव्होल्ट कंपनीने २०२४च्या जानेवारीत जाहीर केलेली बीव्ही१०० ही अणुबॅटरी घ्या. तिची शक्ती १०० मायक्रोवॉट. मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. एवढी साठवायला हिला जवळपास २२ वर्षं लागतील!

आत निकेल-६३ हे किरणोत्सारी निकेल असतं. त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या अर्धवाहकावर आदळतात आणि सौरघटासारखाच प्रवाह निर्माण होतो, फक्त प्रकाशाशिवाय. निकेलचा थर जाड केला तर? उपयोग नाही, कारण हे इलेक्ट्रॉन इतके दुबळे की खोलवरचे निकेलमध्येच अडकतात. म्हणून थर जेमतेम २ मायक्रॉनचा, आणि शक्ती वाढवायची तर थरांवर थर रचायचे. हीच खरी अडचण आहे. टिकाऊपणाचा प्रश्न नाही. अर्धायुष्य सुमारे १०० वर्षं, म्हणजे ५० वर्षांनंतरही ७० टक्के निकेल-६३ शिल्लक.

मला हिची खरी जागा दिसते ती बंदिस्त, हात न पोचणाऱ्या ठिकाणच्या सेन्सरमध्ये. तासभर कपॅसिटर भरत राहिला की ०.३६ ज्यूल जमतात. गळती सोडली तर तेवढ्यात ०.१ वॉटचा रेडिओ तीनेक सेकंद बोलतो, आणि तापमानाचा एक आकडा पाठवायला ते भरपूर झालं.