गुडघ्याखाली गाठ आलेल्या मुलाचा खो-खो पूर्ण बंद करायचा का?

आई, आर्वी: मुलगा 13 वर्षांचा, शाळेच्या खो-खो संघात आहे. यंदा उंची भराभर वाढली. वाटीखाली हाडाची टणक गाठ आलीय, दाबली की कळवळतो. डॉक्टरांनी ऑसगुड-श्लाटर सांगितलं. तालुक्याची स्पर्धा महिन्यावर आलीय. खेळ बंद करू का?

क्रीडाशिक्षक, यवतमाळ: सरळ सहा महिने बंद. दुखत असताना खेळवलं की ते लांबतंच, मी पाहिलंय.

फिजिओ, वर्धा: सरांचं निम्मं बरोबर आहे. दुखणं रेटून खेळू नये. पण सहा महिने बसवला तर मांडी कमजोर होते आणि मैदानात परतला की तेच दुखणं पुन्हा सुरू होतं. मांडीच्या स्नायूची ओढ वाटीखालच्या कोवळ्या हाडावर येते. खो-खोत ती सगळ्यात जास्त कधी येते, तर उकिडवं बसून झटक्यात उठताना. म्हणून आधी चार आठवडे त्याला पाटीवर बसवू नका. सूर, उड्या, जोराचं पळणंही नको. सायकल, सपाट मातीवर हलकं पळणं चालेल. रोज पाय सरळ ठेवून मांडी 30 सेकंद आवळून धरायची, असं दहा वेळा.

दुखणं 10 पैकी 3 च्या आत असावं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत व्हावं. समजा सोमवारी वीस मिनिटं पळाला आणि मंगळवारी पायरी उतरताना लंगडला, तर पुढच्या वेळी दहाच मिनिटं.

शेतकरी, दर्यापूर: माह्या पोट्ट्याचाही गुडघा दुखते. 19 चा हाये, पोलीस भरतीसाठी रोज डांबरी रस्त्यानं धावते. गाठ नाही, वाटीमागं दुखते. आबा गरम तेलानं रगडून देतात. हेच हाये का?

फिजिओ, वर्धा: नाही दादा, ऑसगुड-श्लाटर हे वाढीच्या वयातलं दुखणं आहे. 19 व्या वर्षी गाठ नसताना वाटीमागं दुखतं त्याचं कारण वेगळं, ते तपासूनच कळेल. आणि ताई, तुमच्या मुलाची गाठ कुणी रगडू नये. दुखेल तेव्हा कपड्यात गुंडाळून बर्फ लावा.

क्रीडाशिक्षक, यवतमाळ: 10 पैकी 3 हे कागदावर ठीक. संघातून नाव जाईल या भीतीनं पोरं दुखणं लपवतात. मोजणार कोण?

फिजिओ, वर्धा: हे मात्र खरं. म्हणून सकाळी आईनंच पाहावं, उकिडवं बसताना तो तोंड वाकडं करतो का.

आई, आर्वी: गाठ जाईल ना? आणि स्पर्धेचं?

फिजिओ, वर्धा: वाढ संपली की दुखणं बहुतेकांचं थांबतं, त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. उंचवटा कायम राहू शकतो, त्यानं सहसा बिघडत नाही. रात्री झोपमोड होईल इतकं दुखलं, ताप आला, किंवा उडी मारताना कट्‌कन होऊन पाय सरळ उचलता आला नाही, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढा. ही स्पर्धा मी सोडायला सांगेन.

क्रीडाशिक्षक, यवतमाळ: सराव चालू आणि स्पर्धा बंद, हे तेरा वर्षांच्या पोराला पटवून दाखवा. मी त्याला संघाबाहेरच ठेवीन.