पायऱ्यांवर, गवतावर पडणारी लांब सावली: आपले अनुभव लिहा

धागाकर्ती, धरमपेठ: फोटोत बाहेरून आणलेल्या व्यक्तीची सावली सपाट फरशीवर जमते, पायऱ्यांवर मात्र फसते. रामटेकच्या पायऱ्यांच्या फोटोत मी नवरदेवाची आकृती काळी करून आडवी ताणली, तर सावली पायऱ्यांवर नव्हे, मध्ये धरलेल्या काचेवर पडल्यासारखी दिसली. आपण हे कसे करता?

महाल, लग्नाचे अल्बम: मी आधी कागदावर बाजूने चित्र काढतो. माणूस १६५ सेंमी, ऊन बरोबर पाठीमागून २० अंशांवर, पहिली पायरी त्याच्यापुढे १ मीटरवर; प्रत्येक पायरी १५ सेंमी उंच आणि ३० सेंमी रुंद. सपाट जमिनीवर ही सावली साडेचार मीटर गेली असती, पण चढत्या पायऱ्यांवर डोके पाचव्या पायरीच्या मागच्या कडेजवळच, सुमारे अडीच मीटरवर संपते. पायरीच्या उभ्या बाजूवर शरीराचे १५ सेंमी तेवढ्याच उंचीत उमटतात, तर सपाट बाजूवर शरीराचे फक्त ११ सेंमी ३० सेंमीभर ताणले जातात. म्हणून मी सावलीचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा आपापल्या बाजूवर वेगळा बसवतो. ऊन तिरके असेल, तर सपाट बाजूंवरचे तुकडे तिरके सरकतात, उभ्या बाजूंवरचे मात्र उभेच राहतात. आपल्या फोटोत नेमके हेच चुकले असावे.

सदर, फ्लेक्सचे काम: एवढा हिशेब कशाला? फोटोची करडी प्रत `Displace` ला द्यावी, सावली आपोआप वळते.

महाल: खडबडीत दगडावर आपले म्हणणे खरे आहे, मीही तसेच करतो. परंतु ते फिल्टर उजेड-अंधार पाहून पिक्सेल सरकवते, पायरीचा कोन त्याला कळत नाही. शेवाळाचा काळा डाग असला, तर तिथेही सावली वाकते.

नवीन सभासद: आमच्या कुटुंबाच्या फोटोत काकूंच्या चेहऱ्यावर छत्रीची सावली आहे, ती कशी काढावी?

धागाकर्ती: ताई, तो विषय वेगळा आहे, कृपया स्वतंत्र धागा काढावा.

बजाजनगर, छायाचित्रकार: माझा अनुभव महाराजबागेतील हिरवळीचा आहे. तिथे कड नुसती धूसर केल्याने सावली धुरासारखी दिसली. गवतावर कड तुटक असते, कारण उंच पात्यांची टोके उन्हात राहतात आणि बुडखा अंधारात. म्हणून मास्कवर पात्याएवढ्या बारीक ब्रशने कड खोडली आणि काही पाती बुटांवर आणली, तेव्हा माणूस गवतात उभा राहिला. धूसरपणा पायाशी जवळजवळ नसावा. साडेचार मीटरवर डोक्याची कड सुमारे ४ सेंमी विरते. जिथे आधीच झाडाची सावली आहे, तिथे आपली सावली पुसावी, नाहीतर `Multiply` मुळे तो भाग दुप्पट काळा होतो आणि लबाडी तिथेच पकडली जाते.

धागाकर्ती: तुकडे करून पाहिले, पायऱ्या जमल्या. परंतु झिजून गोल झालेल्या कडेवर दोन तुकड्यांचा सांधा अजून दिसतो. तिथे आपण काय करता?

महाल: हाताने रंगवतो. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.