बाबांच्या गृहकर्जावर सही करायची की नुसते हप्ते भरायचे?

रावेतचा विचार: बाबा ६६ वर्षांचे आहेत. सिंहगड रोडवरचा फ्लॅट एकट्या त्यांच्या नावावर आहे. गृहकर्जाचे १४ लाख बाकी, दर ९ टक्के बदलता, ७ वर्षं उरलीत, हप्ता २२,५२५. पेन्शन २८,००० येते. माझ्या हातात ९०,००० पडतात. दोन वर्षांत मला रावेतला स्वतःचं घर घ्यायचं आहे. मोठी बहीण नाशिकला असते. बाबांचं कर्ज माझ्या नावावर करून घ्यावं का?

पेठेतला: घ्याच. बँकेत जाऊन सहकर्जदार व्हा. तुम्ही कमावते असल्यामुळे मुदत वाढवून मिळेल, हप्ता खाली येईल आणि व्याजावर करसवलतही मिळेल. नाहीतरी बाबांच्या मागे हे कर्ज तुमच्याच डोक्यावर येणार, मग आत्ताच रीतसर घेतलेलं बरं. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल तर घरही तुमचंच.

कर्जविभाग_निवृत्त: मुदत वाढण्याची शक्यता आहे, तेवढं बरोबर. बाकीच्या गोष्टी तपासून पाहा.

वडिलांचं कर्ज मुलाच्या डोक्यावर आपोआप येत नाही. मागे जी मालमत्ता उरेल, तिच्यापुरतीच वारसाची जबाबदारी असते. बँक फ्लॅटवर जप्ती आणू शकते, पण तुम्ही सही केलेली नसेल तर तुमच्या पगाराला हात लावू शकत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली की ही भिंत पडते आणि पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल करता येते, अर्धी नव्हे.

करसवलत घराच्या मालकाला मिळते. मालकी नसलेल्या सहकर्जदाराला ती मिळत नाही. आणि मालकी असली तरी नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते, म्हणजे बहिणीचा हिस्सा तिथेच असतो.

आता रावेतचा हिशेब. बँक सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्यापर्यंत धरते असं समजू, म्हणजे ४५,०००. २० वर्षांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी लाखामागे ९०० रुपये हप्ता बसतो, तेव्हा ५० लाखांपर्यंत कर्ज मिळेल. बाबांच्या कर्जावर सही केली की ४५,००० मधून २२,५२५ वजा होतात आणि पात्रता २५ लाखांवर येते. हे कर्ज तुमच्या पतअहवालात पूर्ण रकमेने दिसतं. हप्ता बाबांच्याच खात्यातून जातो, हे बँक ऐकून घेईलच असं नाही.

धायरीची_सून: पण सही नाकारून पुढे काय? बाबा आजारी पडले आणि तीन हप्ते थकले तर खातं थकीत होतं. मग नोटीस येते आणि घर लिलावात जाऊ शकतं. त्यापेक्षा बाबांनी फ्लॅट मुलाला बक्षीसपत्राने द्यावा आणि मुलाने स्वतःच्या नावावर कर्ज घ्यावं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. मालकी आणि कर्ज एकाच नावावर येतं. ही सगळ्यात स्वच्छ वाट आहे.

कर्जविभाग_निवृत्त: वाट आहे, पण स्वच्छ नाही. घर गहाण असताना बँकेच्या लेखी संमतीशिवाय बक्षीसपत्र करू नका. जुनं कर्ज दुसऱ्याच्या नावावर ‘सरकवायची’ सोय नसते. जुनं फेडून नवं कर्ज घ्यायचं असतं, म्हणजे प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, गहाणखत सगळं पुन्हा. २०० रुपयांशिवाय महापालिका हद्दीतला अधिभार किती, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारा. आणि मुलाच्या पतअहवालातला अडथळा इथेही तसाच राहतो, रावेतचं घर लांबतं.

बाबांनी डोक्यावरचं छप्पर सोडून द्यावं का, हाही प्रश्न आहे. देखभालीच्या अटीवर दिलेलं बक्षीस, अट मोडली तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली रद्द करून घेता येतं. पण ती अट कागदावर लिहिलेली हवी.

सासवडकर: आमच्या आईचं पतपेढीत सोनेतारण आहे. मुदत संपत आली. मी पैसे भरले तर दागिने माझ्या नावावर होतील का?

कर्जविभाग_निवृत्त: नाही. दागिने ज्याने तारण ठेवले त्यालाच परत मिळतात. आईला सोबत न्या आणि पावती तिच्याच नावाची घ्या. आणि प्रत्येकाने एक गोष्ट आई-वडिलांना विचारा: कुणाला जामीन राहिलात का? स्वतःची कर्जं मोजताना ती जबाबदारी बहुतेक राहून जाते, पतअहवालात मात्र दिसते.

रावेतवाल्यांना माझा सल्ला: सही करू नका, पैसे भरा. दर महिन्याच्या १ तारखेला तुमच्या खात्यातून बाबांच्या त्याच खात्यात रक्कम जाईल अशी स्थायी सूचना द्या, हप्ता ५ तारखेला बाबांच्या खात्यातून कटू दे. खात्यात दोन हप्त्यांएवढी शिल्लक कायम असू द्या. मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर वडिलांना कर लागत नाही. रोखीने देऊ नका, पुढे पुरावा उरत नाही.

हाताशी ४ लाख असतील तर मुद्दलात भरा आणि बँकेला लेखी कळवा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. मुदत ८४ महिन्यांवरून सुमारे ५५ वर येते आणि व्याजाचे साधारण २.७ लाख वाचतात. व्यक्तीच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो, कुणी मागितला तर लेखी नियम मागा. कर्ज संपल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

पेठेतला: मालकी नसताना करसवलतीचा मुद्दा चुकला, मान्य. पण सात वर्षांत हा १८-१९ लाख भरणार आणि बहिणीला निम्मं घर? हा अन्याय वाटतो.

कर्जविभाग_निवृत्त: म्हणून मृत्युपत्र. फ्लॅट बाबांच्या स्वकमाईचा असेल तर तो कुणाला किती द्यायचा हे तेच ठरवू शकतात. ‘मुलाने हप्त्यांपोटी दिलेली रक्कम आधी परत द्यावी, उरलेल्याचे दोन समान भाग’ असं लिहिता येतं. दोन साक्षीदार लाभार्थी नसलेले घ्या. नुसता साधा कागद ‘बाबांना उसने दिले’ असा करून ठेवाल, तर साधारण तीन वर्षांनी त्यावर दावा करता येत नाही, दर तीन वर्षांच्या आत बाबांच्या सहीची कबुली घ्यावी लागते.

धायरीची_सून: बहिणीला हे आधी सांगायचं की नंतर? माझ्या मते आधीच. नंतर कागद पुढे आला तर भावाने बाबांकडून लिहून घेतलं असंच वाटणार.

रावेतचा विचार: बाबांच्या कर्जासोबत विमा होता, आज जुनी फाईल काढली. एकरकमी हप्ता भरलेला दिसतोय, बँकेच्या नावे अभिहस्तांकन आहे. कर्ज नव्याने घेतलं असतं तर?

कर्जविभाग_निवृत्त: जुनं कर्ज फिटलं की बँकेचा त्या विम्यावरचा हक्क संपतो, आणि नव्या कर्जासोबत विमा घेतलात तर तो तुमच्या जिवावरचा असतो. बाबांचं काही बरंवाईट झालं तर जुन्या विम्यातून जे कर्ज फिटलं असतं, ते नव्या विम्यातून फिटणार नाही. पॉलिसीवर आजची विमा रक्कम किती, ते विमा कंपनीकडून लेखी मागा. अशा पॉलिसीत ती बहुतेक वेळा दरवर्षी घटत जाते.

रावेतचा विचार: पत्र देतो. बहिणीला या रविवारी फोन करतोय. मृत्युपत्राबद्दल बाबांशी बोलायचं अजून धाडस होत नाहीये.