बोलता बोलता माईक किंवा प्रोजेक्टर गेला तर? तुमचं तयार वाक्य सांगा

रानजाई
काल भाची सेमिनारची तालीम करत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "मावशी, मध्येच पडदा काळा झाला तर काय बोलू गं?" आणि मला एकदम आमचे विभागप्रमुख आठवले. भर व्याख्यानात प्रोजेक्टर गेला. सर म्हणाले, "पडदा गेला, आलेख माझ्या डोक्यात आहे. वह्या उघडा, एक आडवी आणि एक उभी रेघ मारा, मी सांगतो तसं काढा." अख्खा हॉल खाली माना घालून रेघा मारायला लागला. मागे दोघं जण प्रोजेक्टरशी झटत होते, तिकडे कोणाचं लक्षही नव्हतं. ते वाक्य सरांनी आधीच लिहून खिशात ठेवलेलं होतं, हे पुढे कधीतरी कळलं.
तुमचं असं वाक्य आहे का? आणि वाक्य बोलून झाल्यावर पुढे काय करता?

उंबरठा
माझा तर बोलता बोलता घसाच बसला होता. कोमट पाणी सोबत ठेवा.

पाटीपेन्सिल
उंबरठा, घसा नाही हो, माईक विचारलाय :) 
माझं वाक्य: "तंत्रज्ञानावर बोलायला आलो होतो, त्याने आधीच मत दिलं." हशा होतो, तेवढ्यात श्वास घेता येतो.

खुंटी
हशा ओसरल्यावर काय? माईक परत गेला की तोच विनोद चालत नाही. मला वक्त्याने गंमत केलेली नको असते, मागे बसलेल्या मला ऐकू कसं येणार ते सांगितलेलं हवं असतं.

ध्वनिक्षेप
सभागृहात ध्वनीचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.
तयार वाक्यात तीन गोष्टी याव्यात: काय झालं, श्रोत्यांनी काय करायचं, आणि तोवर तुम्ही काय करणार. उदा. "माईक बंद पडलाय. मागच्यांनी पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर या. तुम्ही बसेपर्यंत मी थांबतो." एवढं पुरे. लोक हलतात, आम्हाला मिनिटभर मिळतं, आणि तुम्हाला ओरडावं लागत नाही. नंतर बोलताना आवाज चढवू नका, वेग कमी करा आणि वाक्याचा शेवट गिळू नका. मागे ऐकू जात नाही ते बहुतेक वेळा शेवटचे शब्द.
कॉलर माईक गेला की आधी कमरेच्या डबीवरचा दिवा बघा. दिवाच नाही, तर सेल संपले किंवा डबी बंद झाली. दिवा आहे पण आवाज नाही, तर म्यूटचं बटण बघा, बसता-उठताना दाबलं जातं. आवाज मध्येच येतो-जातो, तर डबीत घुसलेली वायर सैल आहे. माईकवर टकटक आणि फुंकर मारून यातलं काहीच कळत नाही, पुढच्या रांगेचे कान मात्र जातात.
कार्यक्रमाआधी आमच्याकडे एकच मागा: वायरचा हातातला माईक, पोडियमवर, जोडून तपासलेला. त्याला सेलची भानगड नाही. आणि खूण ठरवा: तुम्ही कानाला हात लावला की आम्ही तो माईक चालू करायचा.

सावली_२
+१. डबीवरून आठवलं, खिसा नाही, पट्टा नाही असे कपडे असले की ती डबी लावायची कुठे? मी एकदा पूर्ण वेळ हातात धरून बोलले.

मोरपंखी
बिनमाईकचं बोलणं समोरच्यांना पुरतं. आमच्या कार्यक्रमात निम्मे लोक ऑनलाईन होते. वक्ते म्हणाले, "माझा आवाज खणखणीत आहे, माईक नको." हॉलमध्ये टाळ्या, आणि आम्ही घरी मुक्या चित्रपटाला बसल्यासारखे! आवाज माईकमधूनच येत होता ना. शिवाय सभागृहात श्रवणयंत्राला थेट आवाज देणारी सोय असेल तर तीही माईकवरच चालते, माझ्या वडिलांमुळे माहीत आहे. ऑनलाईन लोक असतील तर वक्त्याने थांबलेलंच बरं.

ध्वनिक्षेप
मोरपंखी, अगदी बरोबर. तिथे वाक्य बदला: "ऑनलाईन मंडळी, आवाज येईपर्यंत थांबतोय." हे त्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून संयोजकाने तेच चॅटमध्ये टाकायचं. कोण टाकणार ते आधी ठरलेलं हवं.

बारावाटा
प्रोजेक्टरचं सोपं आहे. मेन स्विच बंद करा, चालू करा, लगेच लागतो.

तळटीप
बारावाटा, दिव्याच्या जुन्या प्रोजेक्टरला हे करू नका. तापून बंद पडला असेल तर पंखा दिवा थंड करत असतो. स्विच काढलात की पंखाही थांबतो. गरम दिवा पटकन पेटत नाही, काही मिनिटं जातातच. लेझरवाला लवकर सुरू होतो.
मुळात प्रोजेक्टरच गेलाय का ते बघा. पडद्यावर `No Signal` आलं म्हणजे प्रोजेक्टर जिवंत आहे, घोळ वायरचा किंवा लॅपटॉपचा. वायर दाबून बसवा, मग `Windows + P` करून `Duplicate`. लॅपटॉपचा स्लाईड शोपण काळा असेल तर बहुधा `B` दाबलं गेलंय. पॉवरपॉइंटमध्ये त्याने पडदा काळा होतो, रिमोटवरही तसं बटण असतं. परत `B` दाबा.

बारावाटा
आमच्याकडे लगेच लागतो बुवा. नेहमीच करतो.

खुंटी
पण हे सगळं वक्त्याने करायचं? पाठ फिरवून लॅपटॉपवर वाकला की गेलं व्याख्यान.

तळटीप
नाही. वायरीकडे संयोजक बघेल, वक्ता बोलत राहील. त्यासाठी मी कागद करते. समजा अर्ध्या तासाचं भाषण, वीस स्लाईड. एका पानावर वीस ओळी, प्रत्येकीला स्लाईडचा क्रमांक. चित्राशिवाय अडेल अशा तीन-चार ओळींपुढे फुली. बाकीच्या तोंडी निभतात. फुलीवाल्यांची तोंडी आवृत्ती शेजारीच लिहायची.
समजा सातव्या स्लाईडवर तक्रारींचा आलेख आहे. तोंडी: "सुरुवातीला शंभरातले चाळीस जण तक्रार करत. फॉर्म एका पानाचा केला आणि आकडा घसरला. आता बारा." सुरुवात, वळण, शेवट. मधले आकडे सोडून द्यायचे, ऐकून कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. नकाशा किंवा यंत्राची आकृती अशी सांगता येत नाही. ती फळ्यावर चार रेघांत काढायची, नाहीतर सरळ गाळायची.
पडदा गेला की घड्याळ बघते आणि म्हणते, "पडदा गेलाय. हे दोघं दोन मिनिटं बघतील, तोवर पुढचा मुद्दा तोंडी सांगते." दोन मिनिटांत नाही आला तर जाहीर करते की आता स्लाईड नाहीत, कागदावरून पुढे जाते. नाहीतर लोक बोलण्याऐवजी पडद्याकडे बघत बसतात. नंतर आलाच, तर मागच्या स्लाईड पुन्हा दाखवायच्या नाहीत. स्लाईड शोमध्ये `14` टाइप करून एंटर मारलं की थेट चौदावी उघडते. कागदावर क्रमांक लिहायचे ते यासाठीच.

पाटीपेन्सिल
हे भारी आहे. पण विनोद मी सोडणार नाही.

खुंटी
मग दोन ठेवा, दुसऱ्यांदा गेला तर :)

उंबरठा
आणि लाईटच गेली तर?

ध्वनिक्षेप
मग अंधारात कोणालाही पुढे बोलावू नका, पायऱ्यांवरून पडतील. "बसल्या जागी थांबा" एवढंच, तेही मोठ्याने. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, त्याला फसून पुढे बोलू नका.

रानजाई
तळटीप, फुलीवाला कागद भाचीला पाठवला. तिच्या स्लाईड अठ्ठेचाळीस आहेत म्हणे, वेळ वीस मिनिटं.

तळटीप
मग आधी स्लाईडच कमी करू दे, एका पानावर मावणार नाहीत.

सावली_२
माझ्या डबीचं कोणी सांगेल का? पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायचंय.

ध्वनिक्षेप
डबीसाठी कमरेला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा मिळतो, संयोजकांना विचारा. नसेल तर हातातला माईक घ्या.

बारावाटा
आमचा प्रोजेक्टर दिव्याचा की लेझरचा ते उद्या शिपाईकाकांना विचारतो. डब्यावर लिहिलेलं असतं का?