मदत हवी: लोअर सर्किटमध्ये स्टॉपलॉस लागतच नाही, वर आरएसआय म्हणतोय घ्या

विटेकर_९ (बुधवार, संध्याकाळ)
मागच्या आठवड्यात एक छोटा शेअर घेतला. चार्टवर ६० चा ब्रेकआउट, व्हॉल्यूम चौपट, सगळं नीट बघून. सोमवारपासून रोज लोअर सर्किट. ५८ ला स्टॉपलॉस टाकला होता, तो लागलाच नाही. आज भाव ५३.१७. आरएसआय ३० च्या खाली गेलाय, म्हणजे ओव्हरसोल्ड. अ‍ॅव्हरेज करू का? लवकर सांगा, उद्या सकाळी ठरवायचंय.

तासगावकर
नाव सांगा की राव. नाव न सांगता काय सांगणार?

विटेकर_९
नाव कशाला? तुम्ही सगळे विकायला लागाल.

आप्पा_मिरजकर
कारखान्याच्या शेअरचं म्हणताय का? आमच्या वडिलांच्या नावावर होता, वारसाचं नाव लावायला दोन वर्षं हेलपाटे घातले. आधी मृत्यूचा दाखला जोडा.

विटेकर_९
आप्पा, शेअर बाजारातला शेअर. बीएसईवरचा.

कृष्णाकाठ
तीन गोष्टी सांगा, मग बोलू. किती शेअर घेतले? ग्रुप कोणता, बी का टी? स्टॉपलॉसला ट्रिगर किती आणि लिमिट किती?

विटेकर_९
२,००० घेतले, ६२ ची लिमिट टाकून. सरासरी ६१.४० पडली. ग्रुप टी दिसतोय. ट्रिगर ५८, लिमिट ५७.५०. पण याचा आरएसआयशी काय संबंध?

तासगावकर
डेली चार्ट बघणं बंद करा. वीकली बघा, सगळा गोंगाट निघून जातो. मी फक्त वीकलीवर काम करतो.

कृष्णाकाठ
वीकलीने थोडा फरक पडतो, खरंय. पण आठवडाभरात चार-पाच हजार शेअरच फिरत असतील तर वीकली कँडलही तेवढ्याचीच. मोठी कँडल दिसते म्हणून त्यात माणसं जास्त असतात असं नाही.

विटेकर, ब्रेकआउटच्या दिवशी एकूण व्हॉल्यूम किती होता, आणि एरवी किती असतो?

विटेकर_९
एरवी ९०० च्या आसपास. त्या दिवशी ३,६००. आदला बंद ५९.०५, त्या दिवशी ६२ ला अप्पर सर्किट.

कृष्णाकाठ
मग ३,६०० मधले २,००० तुमचेच. ५९ पासून वर जे थोडेथोडे विक्रीला होते ते तुमच्या एका ऑर्डरने उचलले, म्हणून भाव ६२ ला जाऊन टेकला. ६० च्या वर बंद झाला तो बहुतेक तुमच्यामुळेच. दुसऱ्या दिवशी घेणारा उरला नाही.

आता स्टॉपलॉस. सोमवारी शेअर थेट ५८.९० ला, म्हणजे पाच टक्के खाली उघडून तिथेच अडकला. ५८ ला भाव आलाच नाही, ट्रिगर कसा लागणार? मंगळवारी उघडला ५५.९६ ला. ट्रिगर लागला, पण तुमची विक्री ५७.५० ला जाऊन बसली. बाकीचे ५५.९६ ला द्यायला तयार असताना ५७.५० कोण देणार? संध्याकाळी ऑर्डर रद्द.

आणि आरएसआय घसरला तो तीन दिवस पाच-पाच टक्के खाली गेल्यामुळे. विकणारे दमले असं त्यात कुठेच दिसत नाही. भाव ५३ वर थांबला कारण नियमाने त्याखाली जाता येत नाही. सौद्याला व्यापारीच आले नाहीत, तर फळ्यावर लिहिलेला हळदीचा दर खरा धरता का?

आज उलाढाल किती झाली आणि विक्रीत किती पेंडिंग होते ते बघा.

विटेकर_९
उलाढाल १४०. पेंडिंग विक्री ४८,०००.

तासगावकर
बापरे. पण मी असेच सर्किटमधले शेअर घेऊन दुप्पट केलेत. थोडे घेऊन ठेवा, घाबरता कशाला?

कृष्णाकाठ
घ्यायला आज अडचण नाहीच, ४८,००० देणारे उभे आहेत. अडचण विकताना. विकायचं असेल तर सकाळी नऊला प्री-ओपनमध्ये ५०.५२ ची लिमिट टाका. उद्याचा तळ तोच. सगळे एकाच भावाला असतात, त्यामुळे रांगेत जो आधी तो आधी. दुपारी टाकलीत तर शेपटाला.

थांबायचं असेल तर सर्किट उघडून हजारो शेअर हातबदल होईपर्यंत थांबा. त्या दिवशी बंद होईल तो पहिला खरा भाव.

विटेकर_९ (गुरुवार)
नऊला टाकली. ३०० गेले ५०.५२ ला, बाकी १,७०० पेंडिंग. उद्या परत टाकू का उघडायची वाट बघू?

तासगावकर
वाट बघा.

कृष्णाकाठ
रोज टाका. नऊच्या आधी तयार ठेवा.

आप्पा_मिरजकर
टी ग्रुप म्हणजे टाटाचा का?