‘कोऱ्याची दहा वाचने’ आणि ‘शोधमर्यादा’: दोन शब्दांविषयी मदत हवी आहे

अबोली

पिण्याच्या पाण्यातील लोह मोजण्याच्या एका कार्यपद्धतीचे मी मराठी भाषांतर करते आहे. पद्धत फिनँथ्रोलीनची आहे. रंग नारिंगी-तांबडा येतो आणि ५१० नॅनोमीटरवर शोषणांक वाचतात. या कार्यपद्धतीत एलओडी, म्हणजे लोह आहे हे ओळखता येईल असे किमान प्रमाण, आणि एलओक्यू, म्हणजे ते भरवशाने मोजता येईल असे किमान प्रमाण, काढण्याचा एक परिच्छेद आहे. एलओडीसाठी मी ‘शोधमर्यादा’ आणि एलओक्यूसाठी ‘मापनमर्यादा’ असे शब्द योजले, आणि ‘रेप्लिकेट ब्लँक’ असलेल्या वाक्याचे भाषांतर ‘कोऱ्या द्रावणाची दहा वाचने घ्यावीत’ असे केले. मसुदा तपासणाऱ्या गृहस्थांनी दोन हरकती घेतल्या. त्यांच्या मते ‘शोध’ हा अमेरिकेचा किंवा रेडियमचा लागतो, लोहाचा लागत नाही. आणि ‘कोरे द्रावण’ हा शब्दप्रयोग निरर्थक आहे, कारण द्रावण असेल तर ते कोरे कसे? पहिल्या हरकतीवर मला विशेष करून मते हवी आहेत.

निळकंठ

‘शोध’ या शब्दाच्या मुळाशी ‘शुध्’ हा धातू आहे आणि त्याचा मूळ अर्थ स्वच्छ करणे असा आहे. गाळ काढला म्हणजे तळाशी असलेले दिसू लागते, त्यावरून हुडकणे हा अर्थ आला असावा, असे मला फार दिवसांपासून वाटते. तसे असेल तर पार्श्वभूमीचा गाळ बाजूला सारून लोह दिसू लागते त्या ठिकाणाला ‘शोधमर्यादा’ म्हणणे मुळाला धरूनच आहे. ‘कॅलिब्रेशन’साठी ‘अंशशोधन’ हा शब्द वापरतात, त्यातही हाच धातू शुद्ध करण्याच्या अर्थाने आला आहे. आपला शब्द आपण बदलू नये, असे माझे मत आहे. मात्र ‘एलओडी’ असे तसेच लिहून मोकळे होण्याची सवय लागली, तर मराठीत विज्ञान लिहिताच येणार नाही.

सह्यकडा

मी भौतिकशास्त्र शिकवले आहे. आपण ज्याला शोधमर्यादा म्हणता त्याला आम्ही लघुतम माप म्हणतो. व्हर्निअरचे ०.०१ सेंटिमीटर असते, तसे आपल्या उपकरणाचे ०.००१ असेल. नवा शब्द घडवण्याची गरज दिसत नाही.

वैनगंगा

सह्यकडा, लघुतम मापाचा येथे संबंध आहे, पण ती गोष्ट वेगळी आहे. लघुतम माप उपकरणाच्या पडद्यावर ठरलेले असते आणि नमुना कोणताही असला तरी ते बदलत नाही. शोधमर्यादा मात्र आम्ल, पाणी, काचसामान आणि काम करणारा हात या सगळ्यांच्या एकत्रित चढउतारातून निघते. एकाच उपकरणावर दोन प्रयोगशाळांची शोधमर्यादा दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकते.

अबोलीताई, माझी काळजी आपल्या दुसऱ्या वाक्याची आहे. ‘कोऱ्या द्रावणाची दहा वाचने’ असे लिहिले तर तंत्रज्ञ एक नळी भरून यंत्रात ठेवील आणि दहा वेळा बटण दाबील. मराठीत त्या वाक्याचा सरळ अर्थ तोच होतो. मूळ पद्धतीला अपेक्षित असलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. दहा स्वतंत्र चंबूंत लोहविरहित पाणी घ्यायचे, प्रत्येकात आम्ल, हायड्रॉक्सिलअमाइन, ॲसिटेट बफर आणि फिनँथ्रोलीन वेगवेगळे घालायचे, नमुना उकळायचा असेल तर हेही उकळायचे, आणि मग प्रत्येकाचे एकेक वाचन घ्यायचे.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. उदाहरणादाखल एका नळीची दहा वाचने घेतली आणि सहा वेळा ०.०१०, दोनदा ०.०११ व दोनदा ०.००९ आले, तर प्रमाण विचलन सुमारे ०.०००७ होते. दहा वेगळ्या कोऱ्यांची वाचने ०.००८, ०.०११, ०.००९, ०.०१२, ०.०१०, ०.००७, ०.०११, ०.०१०, ०.०१३ आणि ०.००९ अशी आली, तर सरासरी तीच, म्हणजे ०.०१० राहते, पण प्रमाण विचलन ०.००१८ होते. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये लोहाच्या प्रमाणरेषेचा, म्हणजे लोहाच्या ज्ञात प्रमाणांसमोर शोषणांक मांडून काढलेल्या रेषेचा, चढ लिटरला एका मिलिग्रॅममागे ०.१९८ च्या आसपास येतो. प्रमाण विचलनाला ३.३ ने गुणून चढाने भागले की पहिल्या रीतीने शोधमर्यादा ०.०११ निघते आणि दुसऱ्या रीतीने ०.०३० मिलिग्रॅम प्रतिलिटर. ३.३ च्या जागी १० घेतले की दुसऱ्या रीतीने मापनमर्यादा ०.०९ येते. पहिल्या रीतीचा आकडा खोटा नाही, पण तो केवळ प्रकाशमापकाचा थरथराट सांगतो. हायड्रॉक्सिलअमाइनमधले लोह, नीट न धुतलेला चंबू, पिपेटचा फरक यांतले काहीही त्यात येत नाही.

मीरा_फोंडा

मी औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात आहे. आम्ही कोरे करतच नाही. प्रमाणरेषा काढतो, रेषेपासून बिंदूंचे जे अंतर राहते त्याचे प्रमाण विचलन घेतो आणि ३.३ ने गुणून चढाने भागतो. औषधांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू-२ मार्गदर्शिकेत हेही मान्य आहे. मग येथे कोऱ्यांचा एवढा आग्रह कशासाठी? शब्दांविषयी म्हणाल तर आमच्याकडे सगळे ‘एलओडी’च म्हणतात आणि कोणाचे काही अडत नाही.

वैनगंगा

आपण म्हणता ती रीत मान्य आहे, आणि आपल्या विषयात ती सोयीचीही आहे, कारण क्रोमॅटोग्राफीत कोऱ्याला पुष्कळदा शिखरच नसते. मात्र ती रेषा मर्यादेच्या जवळच्या बिंदूंची असावी लागते. ०.५ ते ४ मिलिग्रॅमच्या बिंदूंवरून रेषा काढली तर वरच्या बिंदूंचा मोठा विखुरलेपणा हिशेबात येतो आणि मर्यादा उगाच फुगते. लोहाच्या बाबतीत कोऱ्याला स्वतःचा रंग असतो, म्हणून येथे कोरेच अधिक खरे बोलतात.

निळकंठ

‘कोरे द्रावण’ निरर्थक आहे, हा आक्षेप मला मान्य नाही. आपण कोरा चहा म्हणतो. त्यात पाणी असते, पत्ती असते, साखर असते. फक्त दूध नसते. तो रिकामा कप नव्हे. कोऱ्या द्रावणातही सगळे अभिकारक असतात, फक्त लोह घातलेले नसते. इतका नेमका शब्द भाषेत पडून असताना ‘ब्लँक’ कशाला?

वैनगंगा

हे मला फार पटले, कारण ‘ब्लँक’ म्हणजे रिकामी क्युव्हेट असे समजणारे पुष्कळ भेटतात. याच्याशीच जोडलेली एक चूक सांगायला हवी. तंत्रज्ञ बहुधा कोऱ्या द्रावणावरच यंत्राचा शून्य लावतात. मग प्रत्येक कोरा वाचण्याआधी त्याच्यावरच शून्य लावला, तर दहाही वाचने ०.००० येतात, प्रमाण विचलन शून्य येते आणि शोधमर्यादाही शून्य. असा तक्ता दिसला की प्रयोग झालेलाच नाही असे समजावे. शून्य शुद्ध पाण्यावर एकदाच लावायचा आणि मग दहाही कोरे नमुन्यांसारखे वाचायचे.

सह्यकडा

हे समजले. पण मग मर्यादा काढताना कोऱ्याची सरासरी मिळवायला नको का? ०.०१० अधिक तीन प्रमाण विचलने म्हणजे ०.०१५५, त्याला ०.१९८ ने भागले की ०.०७८ मिलिग्रॅम येतात. मी हा हिशेब असाच पाहिला आहे.

वैनगंगा

आपली बेरीज बरोबर आहे, पण एक पायरी राहिली. ०.०१५५ हा शोषणांकाचा आकडा आहे. त्याचे लोहात रूपांतर करताना नमुन्यांतून वजा करतो तसाच कोरा वजा करावा लागतो, आणि मग वर फक्त तीन प्रमाण विचलने उरतात. त्यांना भागले की ०.०२८ येते. कोऱ्याची ०.०१० ही सरासरी म्हणजे जवळजवळ ०.०५ मिलिग्रॅम लोह अभिकारकांतूनच येते आहे, ही माहिती महत्त्वाचीच आहे. अमोनियम ॲसिटेटची बाटली बदलली की हा आकडा हलतो, आणि म्हणून बफर नव्याने केला की प्रमाणरेषाही नव्याने करावी लागते. पण मर्यादा ठरते ती कोऱ्याच्या उंचीने नव्हे, त्याच्या हलण्याने.

अबोली

सगळ्यांचे आभार. वाक्य बदलून ‘स्वतंत्रपणे तयार केलेली दहा कोरी द्रावणे प्रत्येकी एकदा वाचावीत’ असे केले आहे. आता एकच विचारते: ३ घ्यायचे की ३.३? आणि अहवालात मर्यादेखालच्या नमुन्यापुढे ‘लोह आढळले नाही’ असे लिहायचे की ‘शोधमर्यादेपेक्षा कमी’?

वैनगंगा

हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. रसायनशास्त्रज्ञ लॉइड करी यांनी १९६८ साली दोन रेषा वेगळ्या करून दाखवल्या. पहिली रेषा निर्णयाची असते: कोऱ्याच्या सरासरीपेक्षा १.६४५ प्रमाण विचलने वर, म्हणजे आपल्या उदाहरणात ०.०१३. त्याच्या वर वाचन गेले की लोह आहे असे म्हणायचे. निव्वळ कोरा तेथे शंभरात साधारण पाच वेळा जातो. दुसरी रेषा शोधाची असते: खरोखर लोह असलेला नमुना शंभरात पाचहून जास्त वेळा निसटू नये, यासाठी आणखी तेवढेच वर जावे लागते. दोन्ही मिळून ३.२९ होतात, ३.३ आला तो येथून. ०.०३० मिलिग्रॅमचा नमुना सरासरी ०.०१६ वाचतो आणि क्वचितच ०.०१३ च्या खाली उतरतो. ०.०१६ हीच निर्णयरेषा केली, तर नेमका तेवढे लोह असलेला नमुना निम्म्या वेळा ‘आढळले नाही’ ठरेल. म्हणून ‘आढळले नाही’ हे शब्द मला धोक्याचे वाटतात. गावातला माणूस ते ‘नाही’ असे वाचतो.

निळकंठ

मग मराठीत दोन शब्द हवेत. पहिल्या रेषेला ‘निर्णयरेषा’ आणि दुसरीला ‘शोधमर्यादा’ असे ठेवता येईल. ‘आढळणे’ या क्रियापदात मात्र काही दोष नाही. आढळले नाही म्हणजे आम्हाला दिसले नाही, एवढेच. ‘नाही’ असा अर्थ वाचणाऱ्याने काढला तर तो भाषेचा अपराध नव्हे.

मीरा_फोंडा

अहवाल वाचणाऱ्यासाठी असतो, निळकंठकाका. वाचणारा जो अर्थ काढतो तोच त्या शब्दाचा अर्थ. आमच्याकडे आकडा छापतात, ‘०.०३ पेक्षा कमी’ असा, आणि वाद मिटतो.

वैनगंगा

आकडा जरूर छापावा, पण ०.०३०४ असा छापू नये. दहाच कोऱ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन स्वतःच बरेच डळमळीत असते. त्याचा ९५ टक्के विश्वासाचा पल्ला घेतला तर ही मर्यादा ०.०२१ ते ०.०५६ यांमध्ये कोठेही असू शकते. म्हणून कागदावरचा हिशेब झाला की ०.०३ मिलिग्रॅम लोह मुद्दाम घातलेले सात-आठ नमुने वेगवेगळ्या दिवशी करून पाहावेत. त्यांतले दोन-तीन निर्णयरेषेच्या खाली राहिले, तर मर्यादा वाढवावी. अबोलीताई, मूळ कार्यपद्धतीत ही पायरी आहे का ते कृपया पाहा.

सह्यकडा

शाळेच्या पुस्तकात रेषेचा ‘चढ’ असतो, म्हणून येथे तो शब्द पाहून बरे वाटले. मात्र ज्या पद्धतीत पदार्थ वाढला की रंग फिका होतो, उदाहरणार्थ फ्लोराइडच्या स्पॅड्न्स पद्धतीत, तेथे रेषा खाली जाते. तेथेही ‘चढ’च म्हणायचे का?

निळकंठ

ऋण चढ म्हणावे. ‘उतार’ हा शब्द मला तेथे अधिक मराठी वाटतो, पण चिन्हाचा घोटाळा होईल, हे खरे.

अबोली

मूळ कार्यपद्धतीत ती पायरी आहे, पण परिशिष्टात आहे आणि मी ती अजून भाषांतरित केलेली नाही. ती आता मुख्य परिच्छेदात आणण्याची परवानगी मागते. ‘शोध’ या शब्दावर त्या गृहस्थांना काय उत्तर द्यावे, ते मात्र अजून ठरत नाही. निळकंठ यांची व्युत्पत्ती त्यांना पटेल असे वाटत नाही.